कडी न लावलेलं दार आणि तीनशे शब्द

नववीच्या वह्या तपासताना दरवर्षी एक वाक्य मला भेटतं. 'या गीतातील शब्दरचना साधी, सोपी व ओघवती असून गेयतेमुळे ते मनाला भिडते.' गाणं पावसाचं असो, लढाईचं असो, अंगाई असो की देशभक्तीपर, वाक्य तेच. त्यात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाचीही नाही. मग त्यावर लाल शाई कशाला मारायची, असा प्रश्न मला पहिली काही वर्षं पडायचा. आता मी त्या वाक्याखाली फक्त एक प्रश्न लिहिते: 'हे कोणत्या गाण्याबद्दल आहे?'

आपल्याकडे याला रसग्रहण म्हणतात आणि त्याचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे भाग मुलांना पाठ असतात. भाग चांगलेच आहेत. अडचण अशी की मुलं त्यांचे कप्पे करतात आणि गाईडमधली तयार वाक्यं त्यांत भरतात. ओळ उद्धृत करायची असते हेही त्यांना ठाऊक असतं. म्हणून मध्येच कुठेतरी दोन ओळी अवतरणचिन्हांत येतात आणि पुढच्या वाक्यात लेखक वेगळ्याच वाटेला लागलेला असतो. ती ओळ तिथे का आली, हे तिलाही ठाऊक नसतं. वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखी ती उभी असते.

काही वर्षांपूर्वी मी यावर एक उपाय केला. प्रसिद्ध गाणं घेतलं की त्याच्यासोबत चाल येते, गायिकेचा आवाज येतो, घरच्यांची मतं येतात आणि गाईड तर येतंच. म्हणून मीच एक गाणं जुळवलं. त्याला चाल नाही, कुठे छापलेलं नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचं गाईड नाही. काव्य म्हणून ते बेताचंच आहे, कामाला पुरतं. फळ्यावर लिहिलं ते असं:

दार लोटून ठेवलं,
कडी लावली नाही गं

मुक्कामाची गाडी आली,
उजेड भिंतीला पुसे;
चार पावलं वाजली,
ओळखीचं एक नसे.
दार लोटून ठेवलं,
कडी लावली नाही गं

झाकलेली ती भाकर
सकाळी गाईला जाते;
तरी सांजेला चुलीशी
एक जास्त मी थापते.
दार लोटून ठेवलं,
कडी लावली नाही गं

पहाटेला गाडी गेली,
धूळ दाराशी बसली;
हाती फडकं घेतलं,
धूळ नाही मी पुसली.
दार लोटून ठेवते,
कडी लावीत नाही गं

मुक्कामाची गाडी म्हणजे रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे परत जाणारी एसटी, हे शहरातल्या मुलांना सांगावं लागलं. बाकी शब्द सगळ्यांना कळले. आता यावर अडीचशे ते तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा: गाण्याचा आशय, त्यातल्या प्रतिमा आणि त्याची रचना, आणि प्रत्येक म्हणण्याला गाण्यातलीच ओळ पुरावा म्हणून.

पहिला प्रश्न मी विचारला, गाण्यात बोलतंय कोण? वर्गाचं उत्तर एका सुरात आलं, 'आई! मुलाची वाट बघतेय. मुलगा मुंबईला गेलाय.' मी म्हटलं, मुलगा कोणत्या ओळीत आहे ते दाखवा. मुंबई कुठे आहे? शोधाशोध झाली. मुलगा नाही, मुंबई नाही, आई हा शब्दही नाही. 'ओळखीचं एक नसे' इथे 'ओळखीचं' हे पावलाचं विशेषण आहे आणि पाऊल नपुंसकलिंगी. म्हणजे येणारा की येणारी, एवढंही गाणं सांगत नाही. नवरा असेल, मुलगी असेल, भाऊ असेल. बोलणारी बाई आहे हे मात्र सांगता येतं. 'मी थापते', 'ठेवते' ही रूपं आहेत, आणि 'गं' आहे म्हणजे ऐकणारीही बाईच आहे.

हा खेळ मुलांना कोड्यासारखा वाटला, पण निबंधाचा निम्मा भार इथेच हलका होतो. गाण्यातला 'मी' म्हणजे कवी नव्हे, हेही इथेच उमगतं. गीतरामायणाचं उदाहरण सगळ्यांना पटतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गाणी सगळी ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. पण गाण्यागणिक बोलणारं पात्र वेगळं. एकात राम बोलतो, दुसऱ्यात दशरथ, तिसऱ्यात सीता. अशा वेळी 'कवी म्हणतो की मला वनवासाला जायचं आहे' असं कुणी लिहिलं तर वर्ग हसतो. साध्या भावगीतावर लिहिताना मात्र तीच चूक होते आणि कुणी हसत नाही.

मग आशय. इथे बहुतेक मुलं एक शब्द लिहून थांबतात: 'प्रतीक्षा', 'विरह', 'आशावाद'. हा विषय झाला. विषय एका शब्दात मावतो, आशयाला वाक्य लागतं, आणि त्या वाक्याशी एखाद्याला वाद घालता आला पाहिजे. 'या गाण्यात प्रतीक्षा आहे' या म्हणण्याला कोण नाही म्हणणार? पण 'एका रात्रीची वाट पाहणं हळूहळू घरकामासारखी रोजची सवय होतं' असं म्हटलं की समोरचा विचारतो, कशावरून? तो प्रश्न आला की निबंधाला काम मिळालं. पुढचे दोनशे शब्द त्या 'कशावरून'चं उत्तर द्यायचं.

उत्तर ओळींनी द्यायचं. पण अवतरणचिन्हांत घातल्यानं ओळ पुरावा होत नाही. एका मुलाने लिहिलं होतं: 'ती रोज वाट पाहते. "तरी सांजेला चुलीशी / एक जास्त मी थापते." यावरून तिचे प्रेम दिसून येते.' ओळ बरोबर निवडली होती. पण 'यावरून' म्हणजे नेमकं कशावरून? मी त्याला सांगितलं, या दोन ओळींतला एकच शब्द ठेव आणि बाकीचे हाताने झाक. कोणता ठेवशील? त्याने आधी 'थापते' म्हटलं, मग थोडा थांबून 'जास्त'. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, 'बाई, जास्त म्हणजे किती पाहिजेत ते तिला माहीत आहे.' तेच वाक्य निबंधात लिही, म्हटलं. भाकऱ्या मोजून करणाऱ्या घरात 'जास्त' हा शब्द हिशेबातून येतो. किती माणसं जेवणार हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि त्या आकड्यात न बसणारी एक भाकर ती रोज जाणूनबुजून करते. 'तरी' या शब्दाचाही हात धरावा. काल केलेली गाईला गेली, तरी. दोन अक्षरांच्या त्या शब्दात कालची रात्र आणि आजची संध्याकाळ एकमेकींना भेटतात.

आपलं म्हणणं, मग गाण्याचे शब्द, आणि मग त्या शब्दांतला कोणता शब्द काय करतो ते. मुलं तिसऱ्या पायरीवर थांबतात, कारण त्यांना वाटतं, ओळ दिली की वाचणाऱ्याला कळेलच. कळत नाही. वाचणाऱ्याला त्याच ओळीत दुसरंच काही दिसत असतं.

प्रतिमांच्या बाबतीत एक वेगळाच रोग आहे, अलंकार ओळखण्याचा. 'उजेड भिंतीला पुसे' या ओळीपाशी आल्यावर अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे' आणि पुढे गेले. अलंकाराचं नाव बरोबर आहे. पण झाडाला आंबा म्हटल्याने त्याला आंबे किती लागलेत ते कळत नाही. इथे मी एक जुना प्रयोग करायला लावते. शब्द बदलून बघायचा. 'उजेड भिंतीवर पडे' असं केलं तर काय हरवतं?

थोडा वेळ वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'आमची आजी विचारायला पुसायचं म्हणते.' आणि ओळ उघडली. 'पुसणे' म्हणजे फडक्याने पुसणं आणि 'पुसणे' म्हणजे विचारणं. गाडी वळते तेव्हा तिच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून फडक्यासारखा सरकत जातो. आणि तोच झोत भिंतीला, आलं का गं कुणी, असं विचारून जातो. 'पडे'मध्ये यातलं काहीच नाही. भाषेत एकाच क्रियापदाला दोन अर्थ असणं हा योगायोग, पण ओळीत तो कामाला लागला की निबंधाला खरा ऐवज मिळतो. अलंकाराचं नाव हवं तर द्यावं, पण ते शेवटी आणि कंसभर जागेत.

प्रतिमेला उगाच ताणू नये, हेही याच वेळी सांगावं लागतं. 'चार पावलं वाजली' यावर एक हुशार मुलगा म्हणाला, पावलं चार म्हणजे माणसं दोनच उतरली. गणित बिनचूक, पण आपण 'चार लोकांत बसायचं' म्हणतो तेव्हा लोक मोजत नाही. दुसऱ्याने धूळ म्हणजे मृत्यू असं ठरवलं. का, तर माणूस मातीतून येतो आणि मातीत जातो. हे वाक्य कुठल्याही गाण्यातल्या कुठल्याही धुळीला लागू पडेल. या धुळीबद्दल गाणं काय सांगतं? ती गाडीने उडवलेली आहे, दाराशी येऊन 'बसली' आहे. बसली म्हणजे साचली, आणि पाहुणा बसतो तशीही बसली. जो यायचा होता तो आला नाही, धूळ मात्र येऊन बसली. हे ओळीतच आहे. त्यासाठी तत्त्वज्ञान आणावं लागलं नाही.

रचनेचा भाग मुलांना सगळ्यांत नकोसा असतो, आणि तिथेच 'गेयता' हा शब्द सर्वांत जास्त येतो. गाण्याला गेयता आहे म्हणणं म्हणजे पाण्याला ओलावा आहे म्हणणं. रचनेकडे बघायचं म्हणजे आधी मोजायचं. या गाण्यात प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत. चार ओळींची तीन कडवी. प्रत्येकात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. दोन ओळींचं ध्रुवपद, ते चार वेळा येतं. एवढं मोजलं की विचारायचं: नियम कुठे मोडला आहे? कारण रचना जिथे मोडते किंवा बदलते, तिथे बहुधा गाण्याला काही म्हणायचं असतं.

इथे बदल शेवटच्या ध्रुवपदात आहे. तीनदा 'ठेवलं' आणि 'लावली नाही'; चौथ्यांदा 'ठेवते' आणि 'लावीत नाही'. अक्षरं आठच राहिली, काळ बदलला. आधी ती एका रात्री केलेली गोष्ट सांगत होती, शेवटी ती आपली रीत सांगते. वर्गातल्या बऱ्याच जणांना हा बदल पहिल्या वाचनात दिसलाच नाही, कारण ध्रुवपद आलं की डोळे ते वाचत नाहीत, 'तेच पुन्हा' म्हणून उडी मारतात. गाणं ऐकताना तर हे हमखास होतं. म्हणून ध्रुवपद जितक्या वेळा येईल तितक्या वेळा अक्षरन् अक्षर वाचायचं आणि दरवेळी विचारायचं की आता, या कडव्यानंतर, याचा अर्थ तोच राहिला का. शब्द जसेच्या तसे असले तरी अर्थ हलतो. पहिल्यांदा वाचताना न लावलेली कडी विसरल्यासारखी वाटते. चार पावलं वाजून गेल्यावर ती विसरलेली नाही हे कळतं.

मी हे मोठ्या उत्साहाने समजावत असताना एका मुलाने हात वर केला. 'बाई, पण रोजचं तर दुसऱ्या कडव्यातच आलंय. जाते, थापते. मग शेवटी बदल झाला असं कसं?' त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. माझ्या मांडणीतली ती फट होती. अशा वेळी दोन मार्ग असतात. अडचणीची ओळ निबंधातून गुपचूप वगळायची, म्हणजे परीक्षकाला दिसेपर्यंत आपण सुखरूप. किंवा ती ओळ घेऊन आपलं म्हणणं दुरुस्त करायचं. वर्गाने दुसरा मार्ग धरला आणि म्हणणं पहिल्यापेक्षा चांगलं झालं: भाकरीच्या कडव्यात ऐकणाऱ्याला सवय दिसते, पण त्यानंतरच्या ध्रुवपदातही ती बाई एकाच रात्रीची भाषा बोलते; 'ठेवते' हे कबूल करायला तिला पहाटेची गाडी जावी लागते. विरोधात जाणारी ओळ ही पुष्कळदा निबंधातली सर्वांत उपयोगाची ओळ ठरते.

आता थोडं अवतरणांच्या कारागिरीबद्दल, कारण मराठीत लिहिताना इथे काही खास अडचणी येतात. आपले विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतात. 'पुसे' या शब्दाबद्दल लिहायचं तर 'पुसे'चा, 'पुसे'मध्ये असा प्रत्यय अवतरणाच्या बाहेर ठेवावा, म्हणजे गाण्यातला शब्द कुठे संपला ते दिसतं. आत ओढला तर आपण गाण्याचा शब्दच बदलला. प्रत्यय नीट बसत नसेल तर 'पुसे या क्रियापदाचा' असं सरळ लिहावं. दुसरं, आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे ओळ वाक्याच्या पोटात घेणं सोपं जातं: झाकलेली भाकर 'सकाळी गाईला जाते', असं ती सांगते. विसर्गासारखं चिन्ह देऊन, खाली येऊन, दोन ओळी मोकळ्या उभ्या करायची सवय लहान निबंधात जागा खाते. दोन ओळी सलग द्यायच्या असतील तर मध्ये तिरकी रेघ पुरते. आणि तीनशे शब्दांत गाण्याचे स्वतःचे शब्द पंचवीस-तीसच्या वर जाऊ नयेत असा माझा अंदाज आहे. त्याहून जास्त झाले की लिहिणारा मागे उभा राहून गाण्याला बोलू देतोय असं वाटायला लागतं.

ओळ कुठून घ्यायची, हाही प्रश्न आहे. कानांवर भरवसा ठेवू नये. ऐकताना शब्द चुकतात, गायक-गायिका एखादी ओळ दोनदा घेतात, कधी एखादं कडवं गातच नाहीत. गाण्याच्या रचनेवर लिहायचं असेल तर छापील पाठ समोर हवा, नाहीतर ध्रुवपद किती वेळा येतं याचीच मोजणी चुकते. आणि छापलेलं जसं आहे तसं उतरवायचं. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलं उतरवतात तेव्हा त्यांचा हात नकळत ती 'शुद्ध' करत जातो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. खानदेशातली त्यांची बोली त्या पानांत उतरली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. एखाद्या शब्दाला प्रमाणभाषेचा इस्त्रीचा कपडा चढवला की ज्या अक्षरांवर निबंध उभा करायचा, तीच अक्षरं गेली.

हे सगळं झाल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलीने लिहिलेला निबंध इथे देते. दोन-तीन ठिकाणी माझा हात लागला आहे.

"'दार लोटून ठेवलं' या गाण्यात एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला आपल्या घरची गोष्ट सांगते. कोणीतरी येईल म्हणून तिने दाराची कडी लावलेली नाही. सुरुवातीला हे एका रात्रीच्या प्रतीक्षेचे गाणे वाटते; पण पुढे ही प्रतीक्षा तिच्या रोजच्या कामांतले एक काम झालेली दिसते.

भाकरीच्या प्रतिमेत हे प्रथम कळते. झाकून ठेवलेली भाकर 'सकाळी गाईला जाते', म्हणजे ती खाणारे रात्री कोणी आलेले नाही. 'तरी' ती संध्याकाळी 'एक जास्त' भाकर थापते. 'जास्त' हा हिशेबाचा शब्द आहे. घरात किती माणसे जेवणार हे तिला माहीत आहे आणि तिची एक भाकर रोज त्या हिशेबाबाहेरची असते. आपण दुःखी आहोत असे ती कुठेही म्हणत नाही.

गाडी येते तेव्हा तिचा 'उजेड भिंतीला पुसे'. पुसणे म्हणजे फडक्याने पुसणे आणि विचारणेही. उजेड भिंतीवरून फिरतो आणि कोणी आले का, असे जणू विचारतो. शेवटच्या कडव्यात हेच क्रियापद परत येते. हातात फडके असूनही 'धूळ नाही मी पुसली', असे ती म्हणते. उजेडाने जे केले ते ती करत नाही, कारण धूळ पुसली तर गाडी आल्याची खूणही जाईल.

ध्रुवपद चार वेळा येते. भाकरीच्या कडव्यात रोजची सवय आपल्याला दिसते, पण त्यानंतरही ती 'कडी लावली नाही' असे एका रात्रीचेच बोलते. गाडी गेल्यावर मात्र 'ठेवलं'चे 'ठेवते' होते आणि 'लावली नाही'चे 'लावीत नाही'. कवयित्रीने येथे मुद्दाम काळ बदलला आहे. जी गोष्ट ऐकणारीला आधीच कळली होती, ती बोलणारी शेवटी स्वतः मान्य करते. 'गं' हा शब्द मात्र बदलत नाही. ती हे कोणालातरी सांगते आहे, एवढाच तिला आधार आहे."

हा निबंध जवळजवळ दोनशे वीस शब्दांचा आहे; आणखी पन्नास शब्दांना जागा होती. मी त्यावर दोन खुणा केल्या. एक 'कारण धूळ पुसली तर' इथे. धूळ का पुसली नाही, हे गाणं सांगत नाही. फडकं हातात घेतलं आणि पुसलं नाही, एवढंच सांगतं. कारण हे तिचं अनुमान आहे. अनुमान करायला हरकत नाही, चांगलंच आहे ते. पण त्याच्या आधी 'कदाचित' हवं. मुलांना 'कदाचित' लिहायची भीती वाटते, मार्क जातील म्हणून. माझ्याकडे जात नाहीत. ठाम कुठे व्हायचं आणि कदाचित कुठे म्हणायचं, हे ज्याला कळलं त्याने ओळ नीट वाचली असं मी समजते.

दुसरी खूण शेवटच्या वाक्यावर होती, आणि तिथे आमचं भांडण झालं. मी विचारलं, 'एवढाच आधार' कशावरून? ती म्हणाली, पुराव्याला 'गं' आहे ना. मी हसले आणि वर्गापुढे खरं सांगून टाकलं. ओळीत सातच अक्षरं होत होती, आठवं हवं होतं, म्हणून मी 'गं' टाकला. ऐकणारी मैत्रीण वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. आणि तसं म्हटलं तर 'पुसे' आणि 'पुसली' यांचा सांधाही मला निबंध तपासताना दिसला. शेवटच्या कडव्यात 'बसली'ला यमक हवं होतं, 'पुसली' सुचलं, इतकंच.

वर्गात गलका झाला. मग तिचं वाक्य चूक ठरलं का? काहींना वाटलं, ज्याने लिहिलं त्यालाच माहीत नसेल तर ते गाण्यात नाहीच. ती मुलगी मात्र वहीवरून हलली नाही. म्हणाली, 'बाई, तुम्ही अक्षर भरायला टाकलात, पण आता तो तिथे आहे. ती बाई "गं" म्हणतेच आहे. चारदा म्हणते.'

वही तिच्याकडे परत दिली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा त्यात तीन बदल होते. 'कारण'च्या आधी 'कदाचित' आलं होतं. 'एवढाच' काढून तिथे 'एवढा तरी' केलं होतं. आणि 'कवयित्रीने येथे मुद्दाम काळ बदलला आहे' हे वाक्य खोडून वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे काळ बदलतो'.